दीपनगरची राख आणि धोरणाच्या दोन वाटा



भुसावळहून नागपूरच्या दिशेने महामार्गाने निघालो की थोड्याच वेळात दीपनगरची धुराडी दिसू लागतात. भुसावळ औष्णिक विद्युत केंद्राची ही वसाहत आपल्यापैकी जळगाव-धुळे भागातील बहुतेकांनी पाहिलेली असेल. येथे कोळसा जळतो, वीज तयार होते आणि मागे राख उरते. या राखेचे काय करायचे याविषयी आपल्या देशात १९९९ पासून एक कायदेशीर धोरण आहे. धोरणाची अंमलबजावणी का फसते, या प्रश्नाला अभ्यासकांनी दिलेली दोन उत्तरे आपण मुख्य घटकात पाहिली. एक दृष्टिकोन वरून खाली पाहतो, दुसरा खालून वर. प्रस्तुत लेखात ही दोन्ही उत्तरे मी दीपनगरच्या राखेवर तपासून पाहणार आहे. माझे मत आरंभीच सांगतो : हे दोन दृष्टिकोन एकाच अपयशाची दोन कारणे सांगत नाहीत. ते मुळात दोन वेगवेगळ्या गोष्टींना अपयश म्हणतात. म्हणून कोणता बरोबर, असे विचारण्यापेक्षा धोरणाच्या कोणत्या भागाला कोणता लागू पडतो, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

धोरण काय होते?

भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बरेच असते. साधारणतः तीस ते पंचेचाळीस टक्के. दीपनगरला ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत. असा एक संच पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालला, तर एक कोटी वीस लाख युनिट वीज तयार होते. एका युनिटला सुमारे ६७० ग्रॅम कोळसा धरला, तर दिवसाला आठ हजार टन कोळसा लागतो. त्यात पस्तीस टक्के राख धरली, तर एका संचाची २,८०० टन आणि दोन्ही संचांची ५,६०० टन राख रोज निघेल. संच नेहमी पूर्ण क्षमतेने चालत नाहीत. तरीही आकड्याचा अंदाज येण्यास एवढा हिशेब पुरेसा आहे.

या राखेतील सुमारे चार पंचमांश भाग धुराबरोबर वर जाणारा, पिठासारखा बारीक असतो. विद्युत-यंत्रणेने तो धुरातून वेगळा काढला की कोरडी राख हाती येते. ही राख सिमेंट कारखान्यांना हवी असते. उरलेली जाड राख, आणि ज्या कोरड्या राखेला गिऱ्हाईक नसते ती राख, पाण्यात कालवून नळांवाटे राखेच्या तलावात, म्हणजे येथील लोक ज्याला ‘बंड’ म्हणतात तेथे, सोडली जाते. बंड भरत जातो, जमीन अडकून पडते आणि उन्हाळ्यात वरचा थर सुकला की राख आसपासच्या शेतांवर व घरांवर उडते.

१४ सप्टेंबर १९९९ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली एक अधिसूचना काढली. तिचे दोन हेतू होते. पहिला, विटांसाठी खरवडली जाणारी शेतजमिनीवरची सुपीक माती वाचवणे. दुसरा, राखेचे साठे थांबवणे. मार्ग एकच ठरवला गेला : औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटर त्रिज्येच्या आत मातीची वीट करणाऱ्याने मातीत वजनाने किमान २५ टक्के राख मिसळलीच पाहिजे. केंद्राने त्यासाठी राख फुकट द्यावी आणि कोणत्या भट्टीला किती राख दिली याची दरमहा नोंद ठेवावी. देखरेख राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय अधिकाऱ्याने करावी. सार्वजनिक बांधकाम विभागासारख्या यंत्रणांनी आपल्या विनिर्देशांत राखेच्या वस्तूंचा समावेश करावा.

पुढे हे वर्तुळ वाढत गेले. २००३ मध्ये त्रिज्या १०० किलोमीटर झाली, २०१६ मध्ये ३०० किलोमीटर झाली. नकाशावर कंपास ठेवून पाहा. दीपनगर केंद्र धरले, तर जळगाव शहर सुमारे ३० किलोमीटरवर, म्हणजे पहिल्याच वर्तुळात येते. अमळनेर सुमारे ८० किलोमीटरवर आहे. ते २००३ मध्ये आत आले. धुळे सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटरवर आहे. त्याचा समावेश २०१६ मध्ये झाला. शंभर टक्के राख वापरण्याची मुदतही अशीच सरकत राहिली. जुन्या केंद्रांना १९९९ मध्ये पंधरा वर्षे दिली होती. २०१६ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०१७ ही तारीख ठरवली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अहवालानुसार २०१७-१८ मध्ये देशातील राखेचा वापर ६७.१३ टक्के होता. म्हणजे तारीख उलटली आणि एक तृतीयांश राख शिल्लक राहिली.

हे अपयश कसे समजून घ्यावे?

वरून पाहताना

प्रेसमन आणि विल्डाव्हस्की यांनी १९७३ मध्ये अमेरिकेतील ओकलंड शहरातल्या एका रोजगार कार्यक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या कार्यक्रमाला उघड विरोध करणारे कोणी नव्हते, पैसाही होता. तरी काम अडले. त्यांचे स्पष्टीकरण साधे होते. एखादी गोष्ट घडण्यासाठी अनेकांची संमती एकापाठोपाठ एक लागत असेल, तर प्रत्येक जण बराचसा अनुकूल असूनही अखेरचे यश दुर्मीळ होते. पुढे सबाटिये आणि मझमानियन यांनी यशाच्या अटी मांडल्या : उद्दिष्ट स्पष्ट हवे, कारण-परिणामाची समजूत खरी हवी, अधिकार आणि साधने पुरेशी हवीत, अंमलदार निष्ठावान व कुशल हवेत, पाठिंबा टिकून राहायला हवा आणि परिस्थिती अधेमधे बदलू नये.

या चष्म्यातून दीपनगरकडे पाहू. राख मिसळलेली वीट इमारतीत लागेपर्यंत किती टप्पे येतात? केंद्राने राख उपलब्ध करून द्यावी, वाहतूकदाराने ती न्यावी, भट्टीवाल्याने घ्यावी, मजुराने ती मातीत नीट मळावी, ठेकेदाराने तशी वीट खरेदी करावी, बांधकाम खात्याच्या अभियंत्याने ती मान्य करावी आणि प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्याने हे सर्व तपासावे. असे सात टप्पे झाले. प्रत्येक टप्पा दहापैकी नऊ वेळा बिनचूक पार पडतो असे मानले, तरी सातही टप्पे एका वेळी पार पडण्याची शक्यता ४८ टक्क्यांहूनही कमी राहते. कोणीही कामचुकार नसताना निम्म्याहून अधिक विटा राखेविना तयार होतील. साखळी लांबवली की अपयश त्या रचनेतच येते, हे या दृष्टिकोनाचे मोठे देणे आहे.

दुसरी अट कारण-परिणामाच्या समजुतीची. येथे आणखी एक हिशेब करू. एक वीट साधारण तीन किलोची धरली, तर हजार विटा म्हणजे तीन टन. त्यात २५ टक्के राख म्हणजे पाऊण टन. दीपनगरच्या या दोन संचांची पूर्ण क्षमतेची रोजची ५,६०० टन राख विटांतच जिरवायची, तर दररोज सुमारे ७५ लाख विटा लागतील. संच निम्म्या भाराने चालले तरी ३७ लाख. शिवाय वीटभट्टी दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाळ्यापूर्वी थांबते. राख मात्र बाराही महिने निघते. म्हणजे भट्ट्यांनी नियम तंतोतंत पाळला असता, तरी बंड भरतच राहिला असता. सुपीक माती वाचवण्याचे साधन आणि राख संपवण्याचे साधन एकच असू शकते, हे गृहीतच चुकीचे होते. आज्ञा कितीही कडक असली, तरी चुकीच्या गृहीतावर उभे असलेले धोरण अंमलदार वाचवू शकत नाही.

खालून पाहताना

आता कागद बाजूला ठेवून वीटभट्टीवर जाऊ. खालून वर पाहणारे अभ्यासक येथूनच सुरुवात करतात. मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्ये असे मांडले की शिक्षक, पोलीस, निरीक्षक यांसारखे थेट लोकांसमोर उभे असलेले कर्मचारी वेळ आणि साधने अपुरी असताना जे निर्णय घेतात, तेच प्रत्यक्षात धोरण ठरतात. रिचर्ड एल्मोर यांनी अभ्यासाची दिशाच उलटी करायला सांगितली : ज्या जागी वर्तन बदलायचे आहे तेथून आरंभ करा आणि त्या वर्तनासाठी काय लागते हे विचारत वर चढा.

भट्टीवर गारा मळणाऱ्या माणसाला ‘वजनाने २५ टक्के’ याचा अर्थ काय? तेथे तराजू नसतो. माप घमेल्याचे असते. राख मातीपेक्षा हलकी असते. मोकळ्या राखेचे वजन घनमीटरला सुमारे ९०० किलो आणि मातीचे १,४०० किलो धरले, तर वजनाने एक-तीन हे प्रमाण आकारमानाने जवळजवळ एक-दोन होते. म्हणजे दोन घमेली मातीला एक घमेले राख. अधिसूचनेचे हे भाषांतर कोणीतरी भट्टीवर जाऊन करायला हवे होते. नुसते ‘पाव हिस्सा’ असे ऐकून तीन घमेल्यांना एक घमेले राख टाकणारा माणूस, नियम मोडण्याचा विचारही मनात नसताना, नियम मोडत असतो.

पुढचा प्रश्न मातीचा. काळी चिकण माती सुकताना आकसते आणि कच्च्या विटेला भेगा पडतात. तिच्यात राख घातली तर भेगा कमी होतात. अशा मातीवर काम करणाऱ्या भट्टीवाल्याला राख स्वतःच हवी असते. शिवाय राखेत थोडा न जळलेला कोळसा राहिला असेल, तर भट्टीचे इंधनही किंचित वाचते. पण जिथे माती मुळातच रेताड आहे, तिथे तेवढीच राख विटेची पकड कमी करते. एकच टक्केवारी एका भट्टीला उपकारक आणि दुसरीला नुकसानकारक ठरते. वरून पाहणाऱ्याला दुसरा भट्टीवाला ‘नियम न पाळणारा’ दिसेल. खालून पाहणाऱ्याला तो आपली वीट फुटू नये म्हणून धडपडणारा कारागीर दिसेल.

तिसरा प्रश्न मजुरीचा. वीट थापणाऱ्या कुटुंबाला मजुरी हजार विटांमागे मिळते आणि पुष्कळदा हंगामापूर्वी घेतलेली उचल त्यातूनच फेडायची असते. राख नीट एकजीव करायची, तर गारा अधिक वेळ मळावा लागतो. तो जादा वेळ हजारी दरात धरलेला नसतो. म्हणजे राष्ट्रीय धोरणाचा खर्च त्या कुटुंबाच्या दिवसातून वजा होतो. राख फुकट होती, पण भट्टीपर्यंत आणण्याचे भाडे फुकट नव्हते. केंद्राने शंभर किलोमीटरपर्यंतचा वाहतूक खर्च उचलावा आणि पुढील तीनशे किलोमीटरपर्यंतचा वापरणाऱ्याने व केंद्राने निम्मा-निम्मा वाटून घ्यावा, ही तरतूद २०१६ मध्ये आली. भट्टीवाल्याने पहिल्याच दिवशी विचारला असता असा प्रश्न अधिसूचनेत उतरायला सतरा वर्षे लागली.

आणि शेवटी तपासणी. भाजून निघालेल्या विटेकडे नुसते पाहून तिच्यात किती राख आहे हे सांगता येत नाही. प्रदूषण मंडळाच्या एका विभागीय अधिकाऱ्याकडे कारखाने, सांडपाणी, दवाखान्यांचा कचरा असे सगळेच असते. हंगामापुरत्या उभ्या राहणाऱ्या, विखुरलेल्या भट्ट्यांवर तो किती वेळा जाणार? तलाठी भट्टीवर जातो, पण त्याचे काम मातीच्या स्वामित्वधनाचे आहे. मातीचे ब्रास मोजता येतात, त्याची पावती फाडता येते आणि वसुलीचे उद्दिष्ट त्याच्या डोक्यावर असते. राखेचा टक्का यांपैकी कशातच बसत नाही. लिप्स्की यांचा मुद्दा येथे नेमका लागू पडतो : अपुऱ्या वेळात कर्मचारी तेच काम करतो, जे मोजले जाते.

अपयश कोणाचे, यश कशाचे?

आता कथेचा पुढचा भाग पाहू. १९९६-९७ मध्ये देशात राखेचा वापर अवघा ९.६३ टक्के होता. २०२०-२१ मध्ये तो ९२.४१ टक्क्यांवर गेला. तारखा चुकल्या तरी वरून पाहता हे मोठे यश आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. हे कशामुळे झाले? मुख्यतः सिमेंट कारखान्यांनी कोरडी राख उचलल्यामुळे, तसेच रस्त्यांचे भराव, सखल जागा आणि बंद खाणी भरण्यात राख गेल्यामुळे. या व्यवहारात माणसे थोडी होती. केंद्र मोजता येण्याजोगे, कारखाना मोजता येण्याजोगा, टँकरचे वजन काट्यावर होणारे. २०२१ च्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर टनामागे हजार रुपये पर्यावरण भरपाई लावली. तीही अशाच ठिकाणी लागू करता येते, कारण देणारा एकच आणि ठाऊक असलेला असतो.

पण अधिसूचनेचा पहिला हेतू आठवा : सुपीक माती वाचवणे. राख सिमेंटमध्ये गेली म्हणून वीटभट्टीची माती वाचत नाही. टक्का ९२ वर गेला, तरी नदीकाठचा पोयटा आणि शेताचा वरचा थर भट्टीत जाऊ शकतो, आणि तो टक्का याविषयी एक शब्दही बोलत नाही. शिवाय हे आकडे केंद्रांनी दिलेल्या माहितीवरून तयार होतात. राख दारातून बाहेर पडली हे त्यांतून कळते, पुढे तिने काय वाचवले हे कळत नाही. एवढेच नव्हे, कोरड्या राखेला बाजारभाव आल्यावर लहान वीट-उद्योगाला ती मिळेनाशी होण्याचा धोका निर्माण झाला. म्हणूनच २००९ मध्ये किमान २० टक्के कोरडी राख लहान उत्पादकांसाठी फुकट राखून ठेवण्याची तरतूद करावी लागली. मोठ्या गिऱ्हाइकामुळे यशाचा आकडा वाढतो आणि त्याच कारणाने लहान माणूस बाजूला पडतो.

यावरून माझे मत असे बनले आहे. धोरणाचा जो भाग थोड्या हातांतून जातो आणि ज्याचे काम मोजता येणारी खूण मागे ठेवते, तिथे वरून पाहणारा दृष्टिकोन अपयश अचूक सांगतो आणि त्यावर उपायही देतो : साखळी आखूड करा, जबाबदार व्यक्ती ठरवा, दंड लावा. जो भाग असंख्य हातांतून जातो आणि ज्याची खूण डोळ्यांना दिसत नाही, तिथे तोच उपाय निष्फळ ठरतो. तिथे एल्मोर यांच्याप्रमाणे उलटे चालावे लागते. मजुराला हजारामागे दोन पैसे जास्त कसे मिळतील? मातीचा प्रकार पाहून प्रमाण कोण ठरवील? राखमिश्रित वीट विकत घेणारा ठेकेदार कुठून येईल? या प्रश्नांची उत्तरे मंत्रालयातून निघणाऱ्या टक्केवारीत नसतात. १९९९ च्या धोरणाची चूक आज्ञा देण्यात नव्हती. केंद्र आणि भट्टी या दोन अगदी वेगळ्या जागांना एकाच प्रकारची आज्ञा दिली, ही त्याची चूक होती.

येथे खालून पाहणाऱ्यांची मर्यादाही सांगायला हवी. सर्व काही स्थानिकांच्या सोयीवर सोडले असते, तर राखेचा प्रश्न कोणी हाती घेतला असता? भट्टीवाल्याला बंड भरण्याशी कर्तव्य नाही, सिमेंट कारखान्याला बंडाशेजारच्या शेतकऱ्याशी कर्तव्य नाही. ज्याच्या कपाशीवर राख बसते, त्याच्या हाती या व्यवहारातले काहीच नसते. त्याला दाद मागण्याचा आधार मिळाला तो वरून आलेल्या अधिसूचनेमुळेच. खालच्या पातळीवरील तडजोडीत जो हजर नसतो त्याचे हित राखायला वरची आज्ञा लागते. कर्मचाऱ्याचे किंवा व्यावसायिकाचे वर्तन समजून घेणे म्हणजे ते योग्य ठरवणे नव्हे. या दृष्टिकोनाचे काही समर्थक हा फरक विसरतात.

आपल्यापैकी अनेक जण स्वतः अंगणवाडी, ग्रामपंचायत, शाळा, आरोग्य उपकेंद्र अशा ठिकाणी काम करतात. परीक्षेच्या उत्तरात दोन्ही दृष्टिकोनांचे गुणदोष दोन रकान्यांत लिहिणे सोपे आहे. त्याआधी आपल्या परिचयाची एक योजना घ्या आणि कागदावर तीन गोष्टी मांडा. ती किती हातांतून जाते? प्रत्येक हाताचे काम कोणती मोजता येणारी खूण मागे ठेवते? आणि अहवालात जो आकडा वर जातो, तो योजनेचा मूळ हेतू मोजतो की भलतेच काही? दीपनगरच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘भलतेच’ असे आले. केंद्रातून राख बाहेर पडल्याची नोंद काट्यावर होते. भट्टीत गेलेल्या मातीची नोंद त्या टक्क्यात कुठेच नाही.